मा. मुख्याध्यापक यांस: शंभर वर्षांचे फोटो मागताना

शाळेचं शताब्दी वर्ष लागलं की माजी विद्यार्थ्यांची समिती बसते, माहितीपट काढायचं ठरतं आणि मुख्याध्यापकांना एक पत्र जातं. पत्र साधारण असं असतं: ‘शाळेच्या शताब्दीनिमित्त आम्ही माहितीपट तयार करीत आहोत. तरी शाळेकडे उपलब्ध असलेले जुने फोटो व चित्रफिती देऊन सहकार्य करावे, ही नम्र विनंती.’ आठवड्याभरानं निरोप येतो: भिंतीवर आठ-दहा फोटो आहेत, येऊन मोबाइलवर काढून न्या. बाकी काही नाही. मग माहितीपटात संस्थापकांची तीच एक तसबीर चार वेळा येते, इमारतीवरून ड्रोन फिरतो, आणि शाळेनं काही जपलंच नाही, असा बोल समिती शाळेला लावते.

दोष बहुतेक वेळा पत्राचा असतो. ‘उपलब्ध असलेले जुने फोटो’ म्हणजे काय आहे, हे मुख्याध्यापकांनी शोधायचं, निवडायचं, जमवायचं आणि द्यायचं, असा त्याचा अर्थ होतो. अनुदानित शाळेत, त्यातही मोठ्या संस्थेच्या शाळेत, मुख्याध्यापक बदलीनं किंवा सेवाज्येष्ठतेनं आलेले असतात. कित्येकदा निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेली असतात. १९८७ च्या स्नेहसंमेलनाचं शूटिंग झालं होतं का, हे त्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही. त्यांच्या टेबलावर यू-डायसची माहिती, शालार्थची पगारबिलं, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि निवडणुकीच्या कामाचे आदेश असतात. ‘काही नाही’ हे त्यांचं उत्तर खोटं नसतं. समोर जेवढं दिसतं, तेवढ्यापुरतं ते खरंच असतं.

म्हणून पत्र लिहायच्या आधी समितीनं थोडा हिशेब करावा. समजा, तालुक्याच्या गावातली एक शाळा आहे. जून १९२६ मध्ये देवळाच्या धर्मशाळेत सुरू झालेली, १९५८ साली स्वतःच्या इमारतीत गेलेली. माहितीपट चाळीस मिनिटांचा आहे. त्यातला तिसरा हिस्सा, म्हणजे तेरा-चौदा मिनिटं, जुन्या फोटोंवर चालेल. बाकी मुलाखती आणि आजचं चित्रण. एक फोटो पडद्यावर पाच-सहा सेकंद राहतो. याहून कमी ठेवला तर चेहरे ओळखता येत नाहीत, जास्त ठेवला तर प्रेक्षक चुळबुळ करायला लागतात. आठशे सेकंदांना साडेपाचनं भागलं की दीडशेच्या आतबाहेर फोटो लागतात. दहा दशकांत वाटले तर दर दशकाला पंधरा.

हा पंधराचा आकडा हाती आला की मागणीचं रूपच बदलतं. ‘सगळे जुने फोटो’ कुणी देऊ शकत नाही, पण ‘१९३५ ते १९४५ या काळातला एकही फोटो आमच्याकडे नाही, एक जरी सापडला तरी हवा’ असं म्हटलं, तर शोधणाऱ्याला दिशा मिळते. आणि समितीलाही कळतं की १९९० नंतरचे तीनशे फोटो गोळा करण्यात अर्थ नाही.

दुसरी तयारी वस्तू कुठे असतील याची. शाळेत फोटो ‘फोटोंच्या कपाटात’ नसतात, कारण तसं कपाटच नसतं. वर्गांचे आणि निरोपसमारंभांचे मोठे, पुठ्ठ्यावर चिकटवलेले फोटो केबिनच्या भिंतीवर असतात. रंगकामाच्या वेळी उतरवलेले फोटो मात्र पुन्हा वर चढत नाहीत, ते माळ्यावर किंवा क्रीडासाहित्याच्या खोलीत ढालींच्या मागे जातात. सहलींचे आणि शिबिरांचे फोटो ज्या शिक्षकांकडे कॅमेरा होता त्यांच्याकडे असतात; ते बहुधा चित्रकलेचे किंवा स्काउटचे सर असत. ग्रंथालयात वार्षिक अंकांचे बांधलेले गठ्ठे असतात. त्यातले फोटो ठिपक्याठिपक्यांच्या ब्लॉकनं छापलेले असल्यामुळे पडद्यावर त्यांत जाळी दिसते. तरीही ते अंक पाहायलाच हवेत, कारण कोणत्या वर्षी कोणता प्रसंग झाला आणि त्याचा फोटो निघाला होता की नाही, हे त्यातूनच कळतं. मूळ फोटो मग दुसरीकडे शोधता येतो.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे जुनी कीर्द आणि व्हाउचरच्या फायली. ग्रुप फोटोचे किंवा व्हिडिओ शूटिंगचे पैसे शाळेनं दिले असतील, तर खर्चाच्या नोंदीत स्टुडिओचं नाव सापडू शकतं. स्टुडिओ चालू असेल, निदान त्या घरातलं कुणी गावात असेल, तर निगेटिव्हची किंवा मूळ टेपची विचारणा करता येते. शाळा वाट चुकत-चुकत आली असेल, म्हणजे आधी लोकल बोर्डाची, मग खासगी संस्थेची, तर पहिल्या काळाचं दप्तर शाळेत नसतंच. ते मागायचं पत्र वेगळं, दुसऱ्या कार्यालयाला. हे सगळं ज्याला तोंडपाठ असतं तो माणूस म्हणजे निवृत्त हेडक्लार्क किंवा शिपाईमामा. समितीनं मुख्याध्यापकांच्या आधी या दोघांशी चहा घ्यावा.

आता पत्र. वेळही पाहायला हवी. जूनमध्ये प्रवेश असतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीची परीक्षा. जुलैचा मध्य बरा. जानेवारीत माहितीपट दाखवायचा असेल, तर ऑक्टोबरअखेर सगळं साहित्य संकलकाच्या हाती हवं आणि दिवाळीत गावी येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखती त्या फोटोंसमोर बसून घेता यायला हव्यात. आपल्या समजलेल्या शाळेसाठी पत्र असं होईल:

दि. १३ जुलै २०२६

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
(शाळेचे नाव, गाव)

विषय: शताब्दी माहितीपटासाठी जुनी छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे शाळेतच पाहण्याची व त्यांच्या प्रती करून घेण्याची परवानगी मिळण्याबाबत.

महोदया,

शाळेच्या शताब्दीनिमित्त माजी विद्यार्थी संघ चाळीस मिनिटांचा माहितीपट तयार करीत आहे. जानेवारी २०२७ मधील मुख्य समारंभात तो प्रथम दाखवला जाईल. त्यासाठी शाळेकडील जुन्या साहित्याची मदत हवी आहे. शोधण्याचे, पुसण्याचे व स्कॅन करण्याचे काम आम्हीच करू. आपल्या कर्मचाऱ्यांपैकी एकाने कपाटे उघडून देण्यापुरते उपस्थित राहावे, एवढीच विनंती आहे.

आम्हाला प्रामुख्याने पुढील गोष्टींचा शोध आहे. धर्मशाळेतील शाळेचे १९५८ पूर्वीचे कोणतेही छायाचित्र, अगदी फाटलेले किंवा डाग पडलेले असले तरी. नव्या इमारतीचे बांधकाम व उद्घाटन. जुन्या अकरावीच्या शेवटच्या तुकड्यांचे वर्गफोटो. मुलींच्या पहिल्या तुकडीचे छायाचित्र. शिपाई, लिपिक व प्रयोगशाळा परिचर यांची छायाचित्रे. तसेच वर्ग चालू असताना, मैदानावर किंवा डबा खाताना टिपलेले साधे प्रसंग. पाहुण्यांच्या सत्काराची छायाचित्रे आमच्याकडे पुरेशी आहेत.

ध्वनिमुद्रणांपैकी जुन्या शिक्षकांची भाषणे, प्रार्थना, नाटके, स्नेहसंमेलनांचे चित्रीकरण असे जे असेल ते कॅसेट, स्पूल टेप, व्हिडिओ कॅसेट, सीडी किंवा जुन्या संगणकाची हार्ड डिस्क अशा कोणत्याही स्वरूपात चालेल. या टेप चालू आहेत का हे पाहण्यासाठी कृपया त्या लावून पाहू नयेत. आहेत त्या अवस्थेत बाजूला ठेवाव्यात.

शनिवार दि. १ व ८ ऑगस्ट रोजी सकाळची शाळा सुटल्यानंतर दुपारी १२ ते ५ या वेळेत आमचे तीन सदस्य स्वतःचा स्कॅनर व कॅमेरा घेऊन येतील. छायाचित्रे शाळेबाहेर नेली जाणार नाहीत. काचेच्या चौकटी उघडल्या जाणार नाहीत. केवळ टेप बाहेर न्याव्या लागतील. त्यांची नगवार पोच दिली जाईल व १५ सप्टेंबरपर्यंत त्या परत केल्या जातील.

सर्व स्कॅन व ध्वनिमुद्रणांच्या मूळ दर्जाच्या प्रतींचा एक संच हार्ड डिस्कवर यादीसह शाळेस विनामूल्य देण्यात येईल. साहित्याचा वापर हा माहितीपट व शताब्दी प्रदर्शन यांपुरताच होईल. अन्य वापरासाठी पुन्हा लेखी परवानगी घेऊ. श्रेयनामावलीत शाळेचा व छायाचित्रकार ज्ञात असल्यास त्यांचा उल्लेख असेल. जनरल रजिस्टरमधील नोंदींचे चित्रीकरण केले जाणार नाही.

या विनंतीस शालेय समितीची मंजुरी आवश्यक असल्यास पुढील बैठकीत विषय ठेवावा. या पत्राची प्रत संस्थेच्या सचिवांना दिली आहे.

आपला विश्वासू,
(नाव, तुकडीचे वर्ष, दूरध्वनी)
माहितीपट समितीकरिता

सोबत: पोचपावतीचा नमुना; हव्या असलेल्या प्रसंगांची वर्षवार यादी.

पत्र एका पानाहून थोडं मोठं झालं, पण त्यातलं एकही वाक्य शोभेचं नाही. काही वाक्यांमागची कारणं मात्र सांगायला हवीत, कारण ती कळली नाहीत तर पुढचं पत्र लिहिणारा नेमकी तीच गाळेल.

‘लावून पाहू नयेत’ हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. पत्र मिळालं की उत्साही शिक्षक कपाटातली व्हिडिओ कॅसेट काढतात, कुणाच्या तरी घरचा जुना व्हीसीआर आणतात आणि सुरू करतात. पंचवीस-तीस पावसाळे काढलेल्या टेपवर, विशेषतः कोकणात, बुरशी आलेली असते. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून गुंडाळीच्या कडेवर पांढुरकी भुकटी किंवा जाळं दिसलं, की ती बुरशी समजावी. अशी टेप चालवली तर बुरशी यंत्राच्या हेडवर जाते, तिथून पुढच्या चांगल्या टेपवर, आणि चिकटलेला थर ओरखडला जाऊन चित्र कायमचं जातं. दुसरा धोका म्हणजे टेपवरचा चुंबकीय कणांचा थर ज्या गोंदानं धरलेला असतो, तो दमट हवेत ओलावा धरून चिकट होतो. काही जुन्या स्पूल टेपमध्ये हे फार होतं. चालवताना किंचाळल्यासारखा आवाज आला तर तिथल्या तिथे बंद करावी. तिसरा धोका अगदी साधा: चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं जाणं. ऑडिओ कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोटे प्लास्टिकचे कान असतात, व्हिडिओ कॅसेटच्या लेबलाच्या कडेला एक. ते तोडले की त्यावर नवं मुद्रण होत नाही. शाळेत पोहोचल्यावर समितीनं पहिलं काम हेच करावं.

टेपची प्रत करायला वेळ लागतो, कारण ती धावत्या वेळेतच होते. तीन तासांची व्हिडिओ कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात. दहा कॅसेट निघाल्या तर तीस तास नुसती यंत्रापुढची बैठक, त्यात बिघाड आणि साफसफाई वेगळी. यंत्रही सहज मिळत नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिनं २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवलं. आज जे व्हीसीआर आहेत ते दुरुस्त करून वापरलेले आहेत. म्हणून पत्रात परतीची मुदत दीड महिन्याची ठेवली आहे. ‘दोन दिवसांत परत करतो’ असं लिहिणाऱ्याला हे काम माहीत नसतं.

इथे एक गोष्ट फार जणांकडून निसटते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि पुढे गावोगावच्या शूटिंगवाल्यांनी स्नेहसंमेलनाच्या व्हीसीडी करून दिल्या. शाळेच्या कपाटात ती चकती सापडते, ती संगणकावर चालते, म्हणून समिती खूश होते. पण व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं. जुनी कॅसेट रीतसर उतरवली तर ७२० बाय ५७६ ठिपक्यांची फाइल मिळते. व्हीएचएसमध्ये मुळात बारकावा कमी असतो हे खरं, तरी व्हीसीडी करताना दाबून टाकलेले रंग आणि हालचाल मूळ कॅसेटमध्ये बऱ्या असतात. चकती सापडली तर ती मूळ टेपचा पत्ता म्हणून वापरावी. तिच्यावर शूटिंगवाल्याचं नाव छापलेलं असतं.

आणि विचित्र वाटेल, पण शंभर वर्षांत सगळ्यात मोठी पोकळी १९३० च्या आसपास नसते, ती २००५ ते २०१२ च्या दरम्यान असते. त्या काळात शाळेत डिजिटल कॅमेरा आला, फोटो छापणं बंद झालं, सगळं संगणकप्रयोगशाळेतल्या एका संगणकावर गेलं आणि तो संगणक एके दिवशी फॉरमॅट झाला. १९५० चा ग्रुप फोटो माळ्यावर पडूनही टिकला; २००९ च्या विज्ञान प्रदर्शनाचा फोटो उरला नाही. पत्रात हार्ड डिस्कचा उल्लेख केला आहे तो यासाठी. बंद पडलेला संगणक निर्लेखनासाठी डेडस्टॉकमध्ये पडून असेल, तर त्यातली डिस्क काढून वाचता येते का, ते पाहावं.

फोटोंचं स्कॅनिंग मोबाइलवर का नको, याचाही हिशेब सोपा आहे. वर्गफोटो समजा बारा इंच रुंद आहे आणि त्यात पन्नास मुलं आहेत. एका मुलाचा चेहरा जेमतेम एक सेंटिमीटरचा. हा फोटो कुणी मोबाइलवर काढून नेहमीच्या पद्धतीनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की तो आक्रसून साधारण १६०० ठिपके रुंदीचा होतो. त्यात त्या चेहऱ्याच्या वाट्याला पन्नासेक ठिपके येतात. तोच फोटो इंचाला ६०० ठिपके या मापानं स्कॅन केला तर चेहऱ्याला सुमारे २३५ मिळतात, १२०० नं केला तर पावणेपाचशे. माहितीपटाच्या चौकटीची उंची १०८० ठिपके असते. आजच्या आजोबांच्या मुलाखतीत कॅमेरा हळूहळू त्यांच्याच शाळकरी चेहऱ्यावर न्यायचा असेल, तर पन्नास ठिपक्यांचा नुसता धूर दिसेल, पावणेपाचशेत भुवया मोजता येतील. म्हणून वर्गफोटोंना १२०० आणि सुट्या फोटोंना ६०० हे माप धरावं. रंगीत स्कॅन टिफ प्रकारात ठेवला तर १२ बाय १० इंचाच्या एका फोटोची फाइल अर्ध्या जीबीच्या घरात जाते, त्यामुळे हार्ड डिस्क सोबत हवीच. एवढा फोटो नेहमीच्या ए-फोर स्कॅनरवर मावत नाही हेही आधीच लक्षात घ्यावं. तो दोन भागांत स्कॅन करून जोडावा लागतो, किंवा कॅमेरा सरळ वर बांधून, दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांवर दिवे लावून टिपावा लागतो.

मोठं माप सगळीकडे उपयोगी पडत नाही. जुने स्टुडिओवाले हाफ प्लेट, फुल प्लेट कॅमेऱ्यानं फोटो काढत आणि निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापत. त्या फोटोंत बारकावा थक्क करणारा असतो, सदऱ्याची गुंडी दिसते. उलट ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो छोट्या निगेटिव्हवरून मोठे केलेले असतात आणि त्यांतला निळसर रंग उडून सगळं चित्र तांबूस झालेलं असतं. त्यांना कितीही मोठं माप लावलं तरी जास्त काही हाती येत नाही. तिथे छापलेल्या फोटोपेक्षा निगेटिव्हचा शोध घेणं शहाणपणाचं.

काचेच्या चौकटी न उघडण्याचं आश्वासनही असंच. ओल लागलेल्या फोटोचा वरचा थर काचेला चिकटतो. चौकट उघडून फोटो ओढला की थर काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. तो काचेतूनच टिपावा. पुठ्ठ्यासकट, खालच्या नावांसकट आणि शक्य असेल तर पाठीमागच्या शिक्क्यासकट. ‘बसलेले, डावीकडून’ ही ओळ कापून फक्त चेहरे स्कॅन करणारी समिती मी पाहिली आहे. पुढे त्या चेहऱ्यांना नावं देण्यासाठी त्यांनी सगळ्या गावात फोटो फिरवला.

नाव-वर्ष नसलेल्या फोटोंचा काळ ठरवायला थोडी कोडी सोडवावी लागतात. पाटीवर ‘इयत्ता अकरावी’ असेल तर फोटो जुन्या शालान्त परीक्षेच्या काळातला, म्हणजे साधारण १९७५ पर्यंतचा. फलकावर ‘मुंबई राज्य’ असेल तर १ मे १९६० च्या आधीचा. मागे इमारतीची नवी विंग दिसत असेल तर बांधकामाची तारीख पाहावी. नाव पक्कं करायला जनरल रजिस्टर उत्तम, पण ते डोळ्यांनी पाहून ठेवून द्यावं. त्याचं पिवळं पान, दौतीची शाई पडद्यावर देखणी दिसते हे खरं, आणि प्रत्येक दिग्दर्शकाला त्याचा मोह होतो. त्याच पानावर मुलांची जात, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचं कारण लिहिलेलं असतं. ‘फी न भरल्याने नाव कमी’ ही नोंद त्या माणसाच्या नातवंडांनी भर मांडवात का वाचायची? पत्रातलं ते एक वाक्य मुख्याध्यापकांना निर्धास्त करतं.

हक्काचा प्रश्न पत्रात थोडक्यात उरकला आहे, पण समितीनं तो समजून घ्यावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार एखाद्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या फोटोचा किंवा चित्रपटाचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, सांगणाराच असतो. म्हणजे शाळेनं पैसे देऊन स्टुडिओकडून काढून घेतलेल्या वर्गफोटोचा हक्क शाळेकडे येतो, आणि ते व्हाउचर इथेही पुरावा म्हणून उपयोगी पडतं. सरांनी स्वतःच्या कॅमेऱ्यानं हौसेनं काढलेला फोटो सरांचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो, त्यामुळे सर हयात नसतील तर घरच्यांची लेखी संमती घ्यावी. दोन ओळींची चिठ्ठी पुरते.

स्नेहसंमेलनाच्या टेपवर आणखी एक गुंता असतो. नाच शाळेतल्या मुलींचा, पण मागे वाजणारं गाणं चित्रपटातलं. शूटिंगचा हक्क शाळेकडे असला तरी त्या गाण्याचा हक्क संगीत कंपनीचा. माहितीपट पुढे इंटरनेटवर चढवला की तेवढा भाग मुका होतो किंवा काढून टाकला जातो. यावर उपाय एकच: नाचाचं दृश्य ठेवावं, गाणं काढावं आणि त्या जागी त्याच टेपवरचा टाळ्यांचा, निवेदकाचा, पडद्यामागच्या धावपळीचा आवाज घालावा. माझ्या मते ते जास्त चांगलंही दिसतं.

आवाजाबद्दल थोडं अधिक, कारण शताब्दीपट फोटोंवाचून अडत नाहीत, आवाजावाचून अडतात. फोटो शंभर वर्षांत कधी ना कधी निघालेले असतात. शाळेतला आवाज मात्र फार थोड्यांनी टिपला. १९६३ मध्ये फिलिप्सनं कॅसेट आणली, पण आपल्या गावांत टेपरेकॉर्डर घराघरांत पोहोचायला सत्तरचं दशक सरावं लागलं. त्यामुळे १९५० च्या दशकातल्या मुख्याध्यापकांचा आवाज मिळणं जवळजवळ अशक्य, १९८५ च्या निरोपसमारंभातलं भाषण मात्र कुठल्याशा कॅसेटवर असू शकतं. भजनाच्या किंवा भावगीतांच्या कॅसेटवरच ते पुसून भरलेलं असतं, आणि लेबल भावगीतांचंच राहिलेलं असतं. निवृत्त शिक्षकांच्या घरी म्हणूनच ‘शाळेची कॅसेट आहे का’ असं विचारू नये, ‘घरी भरलेल्या कॅसेट आहेत का’ असं विचारावं. जुनी घंटा अजून टांगलेली असेल, तर तिचा आवाज आजच, सुटीच्या दिवशी, आसपास रहदारी नसताना चांगल्या माइकवर घेऊन ठेवावा.

शेवटी पोचपावती. नमुना पत्रासोबतच जोडायचा, म्हणजे मागाहून कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. त्यात अनुक्रमांक, वस्तूचं वर्णन, तिच्यावरचं लेबल जसंच्या तसं, अवस्था (‘खिडकी तडकलेली’, ‘बुरशी दिसते’), नेल्याची तारीख, परतीची तारीख आणि दोन सह्या. प्रत्येक टेपला मऊ पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी दोऱ्यानं बांधावी. चिकटपट्टी नको, आणि फोटोच्या पाठीवर बॉलपेन तर मुळीच नको, त्याची खूण पुढून उमटते. कुणी जुने फोटो ‘टिकावेत म्हणून’ लॅमिनेट करायला निघालं तर त्याला थांबवावं, तो थर पुन्हा निघत नाही.

बऱ्याच समित्या परतीत चुकतात. समारंभ होतो, हार-तुरे होतात, आणि वीस कॅसेट संकलकाच्या कपाटात राहतात. पुढच्या वर्षी मुख्याध्यापक बदलतात आणि त्या कॅसेट कुणाच्याच राहत नाहीत. परतीची नोंद शाळेच्या आवक रजिस्टरमध्ये करून घ्यावी, हार्ड डिस्कची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये करून घ्यावी आणि दुसरी प्रत संस्थेच्या कार्यालयात ठेवावी. एकाच डिस्कवर भिस्त ठेवली तर २००९ चीच गोष्ट पुन्हा घडेल.

तुमच्याही घरी शाळेच्या कार्यक्रमाची एखादी कॅसेट असेल. शताब्दी अजून दहा वर्षं लांब असली तरी ती आज उघड्या माळ्यावरून काढा, न लावता तिचा कान तोडा, स्पीकर आणि टीव्हीपासून दूर, कोरड्या डब्यात उभी ठेवा, आणि तिच्यावर काय आहे ते एका कागदावर लिहून शाळेच्या कार्यालयात देऊन या.